कॅप्चर कार्डवरून पीएस ५ : टीव्हीवर रंग झकास, ओबीएसमध्ये फिकट. शिवाय लॅग. मदत हवी

निशाचर_निखिल
मंडळी, तीन दिवस डोकं फोडतोय. पीएस ५ चं एचडीएमआय कॅप्चर कार्डात, कार्डाच्या आउटमधून हॉलमधल्या टीव्हीत (४के, एचडीआर आहे), आणि कार्डाची यूएसबी माझ्या लॅपटॉपमध्ये. ओबीएसवर १०८०पी ६० चं रेकॉर्डिंग करतो. कार्ड एचडीआर कॅप्चर करतं असं खोक्यावर छापलंय.

टीव्हीवर चित्र एकदम कडक. ओबीएसमध्ये तेच चित्र दहा वेळा धुतलेल्या चादरीसारखं. आकाश राखाडी, गवत पोपटी नाही की हिरवं नाही, लाल गाडी विटकरी. `Saturation` वाढवून पाहिलं तर माणसांचे चेहरे कावीळ झाल्यासारखे दिसायला लागले.

दुसरं, लॅग. लॅपटॉपवरचं चित्र उशिरा येतं, ते समजू शकतो. पण कार्ड लावल्यापासून टीव्हीवरसुद्धा गाडी वळायला उशीर होतोय असं वाटतं. भाऊ म्हणतो मनाचे खेळ आहेत. आहेत का?

गजाभाऊ_७८
सोपं आहे मित्रा. ओबीएसमध्ये सोर्सवर डबल क्लिक, `Color Range` मध्ये `Full` कर. माझंही असंच फिकट होतं, एका क्लिकमध्ये सुटलं.

निशाचर_निखिल
गजाभाऊ, केलं. आणखी पांढरट झालं. आता काळी गाडीसुद्धा राखाडी दिसतेय.

गजाभाऊ_७८
मग `Limited` कर. दोनातलं एक बरोबर असतंच.

निशाचर_निखिल
`Limited` आणि `Default` सारखंच दिसतं. म्हणजे पहिल्या पोस्टमधली चादर.

टोच्या
एवढा खटाटोप कशाला? पीएस ५ च्या सेटिंगमध्ये एचडीआर बंद कर, विषय संपला. यूट्यूबवर तुझे व्हिडिओ बघणाऱ्यांपैकी निम्मे मोबाइलवर बघणार.

कोकणी_माणूस
मला एक सांगा, कार्ड पाहिजेच कशाला? लॅपटॉपला एचडीएमआयचं भोक आहे ना. मी त्यात थेट कन्सोल लावला, पण काहीच दिसत नाही. ड्रायव्हर लागतो का?

गजाभाऊ_७८
कोकणी, ते भोक बाहेर जाण्याचं आहे, आत येण्याचं नाही. दोन नळ तोंडाला तोंड लावून उघडलेस तर बादली कशी भरेल?

कोकणी_माणूस
अरेच्चा. बरं.

रेवती_क
निखिल, टोच्या म्हणतात तो उपाय चालतो, पण मग टीव्हीवरचं एचडीआरही जातं. त्याआधी नेमकं कुठे बिघडलंय ते बघू. मी पोस्ट प्रॉडक्शनमध्ये रंगांचंच काम करते. "फिकट" या एका शब्दात दोन वेगळे आजार असतात आणि दोघांची औषधं उलटी आहेत.

तीन गोष्टी करून आकडे सांगा:

१) `Color Range` परत `Default` वर. गेममध्ये असा प्रसंग शोधा जिथे खरा काळा (लोडिंगची काळी पाटी चालेल), पांढरी अक्षरं आणि सूर्यासारखं काहीतरी झगझगीत आहे. ओबीएसमध्ये सोर्सवर राइट क्लिक करून स्क्रीनशॉट घ्या. तो कोणत्याही पेंटच्या प्रोग्रॅममध्ये उघडून तिन्ही जागी रंगाचा ड्रॉपर टेकवा आणि ० ते २५५ मधला आकडा लिहा.

२) पीएस ५ च्या `Screen and Video` मध्ये `Video Output Information` आहे. तिथे एचडीआरबद्दल काय लिहिलंय?

३) टीव्हीची वायर कार्डातून काढा, कन्सोल बंद करून चालू करा आणि फक्त ओबीएसमध्ये बघा. रंग बदलतात का?

निशाचर_निखिल
रेवतीताई, अरे-तुरे करा, मी थर्ड इयरला आहे.

१) काळा: १,१,१. सबटायटलचा पांढरा: १४७. सूर्य: १९१.
२) एचडीआर चालू दाखवतंय, रंगांच्या रकान्यात `YUV422`.
३) हे भन्नाट आहे. टीव्ही काढल्यावर रंग एकदम बरोबर!! म्हणजे टीव्हीचा दोष?

रेवती_क
टीव्हीचा दोष नाही. उलट टीव्ही खरं बोलतोय म्हणून हे घडतंय. कन्सोल चालू होताना पलीकडच्याला विचारतो, "तुला काय काय कळतं?" तुझं कार्ड टीव्हीचं उत्तर पुढे सरकवतं: ४के कळतं, एचडीआर कळतं. मग कन्सोल एचडीआर पाठवतो. टीव्ही काढला की कार्ड स्वतःचं साधं उत्तर देतं आणि कन्सोल एसडीआर पाठवतो. रंग जागेवर येतात ते म्हणून.

आता तुझे आकडे. काळा १ आहे, म्हणजे रेंज ठीक आहे. रेंज चुकली असती तर काळा १६ च्या आसपास आणि पांढरा २३५ च्या आसपास अडकला असता. गजाभाऊंचा आजार तो होता. तू `Full` केल्यावर काळी गाडी राखाडी झाली, कारण तू बरा असलेला अवयव बिघडवलास.

तुझा पांढरा मात्र १४७ वर आहे. एचडीआर१० मध्ये उजेड मोजायची पट्टीच वेगळी असते, तिला पीक्यू म्हणतात. तिचं वरचं टोक १०,००० निट्सला आहे. त्यामुळे साधा कागदी पांढरा, जो साधारण २०३ निट्सचा धरतात, तो पट्टीच्या ५८ टक्क्यांवर बसतो. २५५ चे ५८ टक्के म्हणजे १४८. तुझा सबटायटल. १,००० निट्स ७५ टक्क्यांवर, म्हणजे १९२ च्या आसपास. तुझा सूर्य. टीव्हीला ही पट्टी कळते, ओबीएसला कुणी सांगितलंच नाही. ते सेंटिमीटरची पट्टी इंचाची समजून वाचतंय. शिवाय एचडीआरच्या रंगांचा पसारा मोठा असतो. तो लहान पसाऱ्यातला समजून दाखवला की प्रत्येक रंग मरगळलेला दिसतो. म्हणून `Saturation` ने काम होत नाही. तू मरगळ पुसतोस, पण उजेडाची पट्टी वाकडीच राहते.

सोर्सच्या प्रॉपर्टीजमध्ये हे कर:

```
Resolution/FPS Type : Custom
Resolution          : 1920x1080
FPS                 : 60
Video Format        : P010
Color Space         : Rec. 2100 (PQ)
Color Range         : Default
```

तुझं ओबीएस २८ किंवा त्यापुढचं हवं, एचडीआर त्याच आवृत्तीपासून (२०२२) आलं. मुख्य सेटिंगमधलं `Color Space` मात्र `Rec. 709` च राहू दे. मग एचडीआरचा सोर्स एसडीआरमध्ये उतरवायचं काम ओबीएस आपणहून करतं.

सॅम_एडिसन_एनजे
माझ्याकडे जुना स्विच आहे, त्यात पण डल कलर्स येतात. सेम सेटिंग करू का?

रेवती_क
नको! जुना स्विच एचडीआर पाठवतच नाही. त्याला पीक्यू लावलंत तर चित्राचा पार विचका होईल. तुमची केस गजाभाऊंची आहे. स्विचच्या टीव्ही सेटिंगमध्ये `RGB Range` आहे, ते आणि ओबीएसमधलं `Color Range` एकमेकांशी जुळवा. आधी काळ्यावर ड्रॉपर टेकवून बघा.

सॅम_एडिसन_एनजे
ब्लॅक १७ येतोय. कन्सोलवर `Limited` आहे, ओबीएसमध्ये कधीतरी `Full` केलं होतं मी. फिक्स्ड. थँक्स.

गजाभाऊ_७८
बघा, माझं औषध कुणालातरी लागू पडलं.

निशाचर_निखिल
ताई, `Video Format` च्या यादीत `P010` नाहीच. फक्त `MJPEG` आणि `YUY2` दिसतात, आणि १०८०पी ला `YUY2` निवडलं तर ५ एफपीएसच्या वर जात नाही. म्हणजे कार्डवाल्यांनी फसवलं?

टोच्या
खोक्यावर काय, काहीही छापतात.

रेवती_क
थांबा, निकाल घाईने नको. निखिल, कार्ड लॅपटॉपला कुठल्या वायरने जोडलंयस? खोक्यातलीच का?

निशाचर_निखिल
नाही... खोक्यातली आखूड होती, टेबलापर्यंत पोचेना. मोबाइलच्या चार्जरची टाइप-सी वायर लावलीय. दोन मीटर आहे. चालतेय की.

रेवती_क
चालतेय, पण लंगडत. चार्जरबरोबर येणाऱ्या बहुतेक टाइप-सी वायरींमध्ये यूएसबी २ च्याच तारा असतात. तोंड तेच, आत तारा कमी. हिशेब करून बघ. १०८०पी, सेकंदाला ६० फ्रेम, `P010` मध्ये प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट:

```
1920 x 1080 x 3 x 60 = 373,248,000 बाइट/सेकंद
```

म्हणजे सेकंदाला जवळपास ३ गिगाबिट. यूएसबी २ ची कमाल ४८० मेगाबिट, तीही कागदावर. एवढं पाणी त्या नळीतून जाणार कसं? काही कार्डं अशा वेळी सरळ चालायला नकार देतात. तुझं निमूटपणे `MJPEG` वर उतरलं, म्हणजे प्रत्येक फ्रेम दाबून लहान करतं आणि लॅपटॉप ती उलगडत बसतो. दाबायला वेळ, उलगडायला वेळ. रंगांची आणि लॅपटॉपवरच्या लॅगची गाठ इथे एकाच वायरीत असावी असा माझा अंदाज आहे. मूळ वायर लाव, थेट लॅपटॉपच्या यूएसबी ३ च्या भोकात. मध्ये हब नको.

निशाचर_निखिल
टेबल सरकवलं. आईने विचारलं घर का हलतंय.

`P010` आलं यादीत!! ताईंनी दिलेली सगळी सेटिंग केली. पण आता चित्र फिकट नाही, काळवंडलंय. रंग आहेत, पण भर दुपार संध्याकाळसारखी दिसतेय. सबटायटलचा पांढरासुद्धा मळकट.

रेवती_क
कार्डाचं स्वतःचं सॉफ्टवेअर टाकलंयस का? त्यात टोन मॅपिंगची एखादी टिक आहे का बघ.

निशाचर_निखिल
आहे! "एचडीआर ते एसडीआर" अशी. तीन दिवसांपूर्वी रंग सुधारतील म्हणून मीच चालू केली होती. तेव्हा काहीच फरक पडला नव्हता म्हणून विसरलो.

रेवती_क
तेव्हा ती चालत नसावी, आता वायर बदलल्यावर लागू झाली. कार्ड एचडीआरचं एसडीआर करून देतंय, आणि ओबीएस त्यालाच पीक्यू समजून पुन्हा उतरवतंय. एकाच भाजीला दोघांनी मीठ घातलं. दोनातलं एकच ठेव. कार्डाची टिक काढलीस तर ओबीएसमध्ये `Rec. 2100 (PQ)`. कार्डाची ठेवलीस तर ओबीएसमध्ये `Rec. 709` आणि `NV12`.

मी पहिलं निवडते, कारण त्यात हातात काहीतरी राहतं. सोर्सला `HDR Tone Mapping (Override)` फिल्टर लाव, `Reinhard` निवड आणि `SDR White Level` खालीवर करून बघ. तो आकडा कमी केला की चित्र उजळतं. खूप कमी केलास तर ढगांमधले बारकावे जातात. ढगांकडे बघूनच ठरव, आकडा पाठ करू नकोस.

निशाचर_निखिल
टिक काढली. ३०० वर चित्र जरा दबलेलं होतं, २१० वर थांबलो. ढग शाबूत. टीव्ही आणि लॅपटॉप शेजारी ठेवून बघितले, लाल गाडी लाल आहे! पण सूर्यास्ताचा केशरी टीव्हीइतका पेटत नाही.

रेवती_क
तो पेटणारही नाही. एसडीआरच्या डब्यात ती जागाच नाही. त्याच्या मागे लागलास तर चेहरे पुन्हा कावीळवाले होतील.

टोच्या
म्हणजे एवढं सगळं करून टीव्हीसारखं येतच नाही. मी पहिल्या दिवशी म्हणालो होतो, एचडीआर बंद करा. गेम स्वतःच एसडीआर बनवतो, ज्यांनी गेम बनवला त्यांनी ठरवलेले रंग मिळतात. तुमचं ओबीएस प्रत्येक गेमला एकच फॉर्म्युला लावतं.

रेवती_क
टोच्या, यात तथ्य आहे. फक्त रेकॉर्डिंगच महत्त्वाचं असेल तर मीही एचडीआर बंदच करीन. निखिलला टीव्हीवर एचडीआर हवंय म्हणून ही कसरत. काही गेमचं एसडीआर इतकं दुर्लक्षित असतं की टोन मॅप केलेलं बरं दिसतं, काहींचं उलट. दोन्ही रेकॉर्ड करून बघितल्याशिवाय मी पैज लावणार नाही.

बापू_नाशिककर
मुलासाठी असंच कार्ड घेतलं. गेम दिसतो पण नेटफ्लिक्स लावलं की लॅपटॉपवर अंधार. कार्ड बदलून घ्यावं का?

गजाभाऊ_७८
बापू, कार्ड चांगलं आहे. ते सिनेमांचं कुलूप आहे, एचडीसीपी. पीएस ५ वर `System`, मग `HDMI`, तिथे ते बंद करता येतं, पण बंद असताना सिनेमांची अ‍ॅप चालतच नाहीत. गेम रेकॉर्ड करताना बंद, नेटफ्लिक्स बघताना चालू. हे मात्र मला नक्की ठाऊक आहे.

निशाचर_निखिल
आता लॅग. गजाभाऊंनी व्यक्तिगत निरोपात सांगितलं की `Buffering` ला `Disable` कर. केलं. पण मोजायचं कसं? डोळ्याला सगळं सारखंच वाटतं.

रेवती_क
मोबाइलमध्ये २४० एफपीएसचा स्लो मोशन आहे? टीव्ही आणि लॅपटॉप दोन्ही एका चौकटीत येतील असा मोबाइल टेकवून ठेव. पॉजचा मेनू उघड-बंद कर. मग व्हिडिओ फ्रेम-फ्रेम पुढे सरकवून मोज, टीव्हीवर मेनू आल्यापासून लॅपटॉपवर येईपर्यंत किती फ्रेम. एक फ्रेम म्हणजे सव्वाचार मिलिसेकंदांहून किंचित कमी. एकदाच मोजू नकोस, पाच वेळा मोज आणि मधला आकडा घे.

निशाचर_निखिल
चार्जरची वायर आणि `MJPEG`: ३१ फ्रेम, म्हणजे १२९ मिलिसेकंद.
मूळ वायर, `P010`, बफरिंग बंद: १७ फ्रेम, ७१ मिलिसेकंद.

पण टीव्हीचा संशय तसाच आहे. टीव्हीवरच गाडी उशिरा वळते.

गजाभाऊ_७८
पासथ्रूला वेळ लागतोच. दोन-चार फ्रेम जातात.

रेवती_क
गजाभाऊ, इथे नाही पटत. पासथ्रूमध्ये कार्ड सिग्नलची एक फांदी फोडून लॅपटॉपकडे पाठवतं, दुसरी फांदी अख्खी फ्रेम साठवून न ठेवता पुढे जाते. हाताला जाणवेल एवढा उशीर तिथून येत नाही.

निखिल, कन्सोल थेट टीव्हीला लाव आणि टीव्हीच्या कोपऱ्यात काय पाटी येते बघ. मग कार्डातून लावून बघ.

निशाचर_निखिल
थेट लावल्यावर "गेम मोड" अशी पाटी येते. कार्डातून येत नाही!!! भावाला दाखवलं. मनाचे खेळ नव्हते.

रेवती_क
कन्सोल टीव्हीला "मी गेम आहे, लवकर दाखव" असा निरोप पाठवतो, तो तुझं कार्ड पुढे देत नाही. म्हणून टीव्ही सिनेमावाल्या मोडमध्ये राहतो आणि चित्र गुळगुळीत करत बसतो. रिमोटने त्या एचडीएमआयला हाताने गेम मोड लाव.

निशाचर_निखिल
लावला. गाडी आता बोटाबरोबर वळते. पण नवीनच संकट. मोजलं तर फरक १७ वरून ३५ फ्रेम झाला! लॅपटॉप आणखी मंदावला का?

रेवती_क
लॅपटॉप आहे तिथेच आहे, टीव्ही पुढे पळाला. तू दोघांमधलं अंतर मोजतोयस, लॅपटॉपचा एकट्याचा उशीर नाही. आधीचे ७१ दिसायला चांगले होते, कारण टीव्हीही रांगत होता. ३१ आणि १७ ची तुलना मात्र खरी, दोन्ही वेळा टीव्ही तसाच होता.

म्हणजे आता ३५ फ्रेम, साधारण १४६ मिलिसेकंद. त्यात लॅपटॉपच्या पडद्याचाही वाटा आहे. तू टीव्हीकडे बघून खेळणार असशील तर त्याने काही बिघडत नाही. गेमचं चित्र आणि आवाज दोन्ही कार्डातून येतात, ते एकमेकांना धरून असतात. अडचण तुझ्या माइकची. तो थेट लॅपटॉपला आहे, म्हणून तुझी किंकाळी गाडी आदळण्याआधी ऐकू येईल. `Advanced Audio Properties` मध्ये माइकच्या `Sync Offset` ला आकडा द्यावा लागेल. १४६ डोळे मिटून टाकू नकोस. माइक आणि गेम वेगवेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड कर, टीव्हीचा आवाज माइकला ऐकू दे, आणि एडिटरमध्ये एकच धडाम आवाज दोन्ही ट्रॅकवर कुठे आहे ते बघ.

निशाचर_निखिल
माइक ६० मिलिसेकंद पुढे निघाला. `60` टाकलं. आता धडक आणि शिवी एकत्र येतात. (शिवी कापणार आहे.)

सॅम_एडिसन_एनजे
क्वेश्चन. माझ्या कझिनकडे पीएस ५ आहे, कार्ड लावलं की १२० हर्ट्झचा ऑप्शन ग्रे होतो. हे पण वायरमुळे?

रेवती_क
वायरही असू शकते, पण आधी कार्डाचा एचडीएमआय कुठला ते बघा. एचडीएमआय २.० असेल तर ४के १२० त्यातून जाणारच नाही, आणि टीव्हीने कितीही हो म्हटलं तरी कार्ड ते उत्तर पुढे देणार नाही. १०८०पी ला १२० मिळतं का, ते त्या कार्डावर अवलंबून.

सॅम_एडिसन_एनजे
मॉडेल विचारून सांगतो.

निशाचर_निखिल
एक शंका राहिलीच. अंधाऱ्या बोगद्यात ओबीएसचं चित्र टीव्हीपेक्षा जास्त उजळ आहे. टीव्हीवर न दिसणारा खड्डा रेकॉर्डिंगमध्ये दिसतो. `SDR White Level` २१० वरून २५० केलं तर बोगदा बरोबर, पण बाहेरचा रस्ता दबतो.

रेवती_क
पीएस ५ वर `Adjust HDR` केलं होतंस ते गेम मोड लावण्याआधी की नंतर? मोड बदलला की टीव्हीचा काळा आणि कमाल उजेड दोन्ही बदलतात. परत करून बघ. त्यानेही फरक पडला नाही तर स्क्रीनशॉट टाक, बोगद्याचा आणि रस्त्याचा, दोन्ही.

निशाचर_निखिल
आधी केलं होतं. उद्या करतो, आता आईची मालिका सुरू झालीय. आणि ती विचारतेय की मालिकेतल्या लोकांचे चेहरे अचानक असे का दिसतायत. गेम मोड त्याच एचडीएमआयपुरता राहील ना? सेट टॉप बॉक्स दुसऱ्या भोकात आहे.

गजाभाऊ_७८
काही टीव्हींमध्ये राहतो, काहींमध्ये सगळीकडे लागतो. आईला रिमोट देऊ नकोस.